सोमवारी सात चाळीसचा ईमेल

त्या बुधवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की खिडकीसमोरची इमारत कुणी उचलून नेल्यासारखी दिसेनाशी झाली होती. तिनं कॉम्प्युटर सुरू केला आणि वरचाच ईमेल उघडला.

विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'आता नवीन विषय टाकून बघतो.' आत एक ओळ. 'पर माय लास्ट ईमेल, पाझराचे आकडे पाठवलेले आहेत.' खाली सही: तपासणी बोगदा.

तिला त्या टेबलावर येऊन तीनच आठवडे झाले होते. टेबल नोंद कक्षाचं, ईमेलचा पत्ताही कक्षाचाच. धरणाच्या भिंतीच्या आतून एक लांब बोगदा जातो, भिंतीतून झिरपणारं पाणी तिथं मोजलं जातं आणि दर तीन आठवड्यांनी ते आकडे या टेबलाकडे येतात, एवढं तिला सांगण्यात आलं होतं. बाकी काही सांगायला कुणी उरलं नव्हतं. आधी या टेबलावर तिचे बाबा बसायचे. तीन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी ते जेवून उठले, हात धुवायला गेले आणि तिथंच गेले. रिकाम्या जागेवर तिला घेतलं. खुर्चीची उंचीसुद्धा तिनं अजून बदलली नव्हती.

"काकू," तिनं शेजारी वळून विचारलं, "पर माय लास्ट ईमेल म्हणजे नक्की काय म्हणायचं असतं?"

आवक-जावक सांभाळणाऱ्या काकू निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. "वरून, माझ्या आधीच्या ईमेलात सांगितल्याप्रमाणे. आतून, तुला वाचता येतं का गं बाई." त्यांनी चष्मा पुसला. "पहिला मेल साधा. दुसरा त्याच मेलाखाली जोडून, म्हणजे खाली पुरावा लोंबत राहतो. त्यात हे वाक्य. तिसऱ्यात तेच वाक्य, आणि कॉपीत साहेब. तिसरा आला की समजायचं, माणूस भांडायला उभा आहे, फक्त इस्त्री करून."

"पण आधीचा मेलच नाही आलेला."

"मग तसं लिही. गोड लिही. गोड लिहिलेलं जास्त लागतं."

तिनं लिहिलं. 'आपले आकडे या कक्षास प्राप्त नाहीत. कृपया पाठवावेत.' दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मूळ मेलाखालीच पुन्हा जोडून पाठवले आहेत. आता तरी दिसावेत.'

दिसले नाहीत. तिनं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग, कानशिलं तापलेली असताना, आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य लिहिलं. 'पर माय लास्ट ईमेल, आकडे अद्याप मिळालेले नाहीत.' पाठवल्यावर तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच थोडी लाज वाटली.

चारच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला.

"नोंद कक्ष?" पुरुषाचा आवाज, आणि आवाजामागे कुठंतरी थेंब पडत होता. "बोगद्यातून बोलतोय. मॅडम, तुमचं माझ्याशी वैर आहे का?"

"मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

*...ओळखतसुद्धा नाही,* तिचाच आवाज अर्ध्या क्षणानं परत आला. ती दचकली.

"घाबरू नका. ही लाइन भिंतीतून येते. बोललेलं परत येतं. मलाही सुरुवातीला वाटायचं, आत कुणीतरी माझ्या नकला करतंय."

"मग हळू बोलते."

*...हळू बोलते.*

तो हसला. हसणं परत आलं नाही, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. "मॅडम, मी आकडे पहिल्या दिवशी पाठवतो. तरी पुढच्या सोमवारी तुमचा मेल, पर माय लास्ट ईमेल. मी पुन्हा पाठवतो. त्याच्या पुढच्या सोमवारी परत तेच, आणि कॉपीत मोठे साहेब. असे चार झाले. साहेब म्हणाले, पाचवा आला तर लेखी खुलासा मागीन. माझे सहा महिने या महिनाअखेरीस भरतात. खुलासा लागला की कायम करणं बाजूला राहिलं, घरी जायचं."

"तुम्ही उत्तर साहेबांना पण पाठवायचं ना कॉपीत."

"त्यांना कशाला मध्ये घालायचं? मला वाटलं, तुमचा माझा प्रश्न आहे." तो थांबला. "तुमचा माझा म्हणजे... कक्षाचा."

"मी तुम्हाला आजच पहिल्यांदा लिहिलंय."

"असं कसं? दर सोमवारी येतो. सकाळी सात चाळीस. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही."

"मी साडेनऊला येते," ती म्हणाली. "आणि मला इथं येऊन तीन आठवडेच झालेत."

*...तीन आठवडेच झालेत,* भिंत म्हणाली. थेंब तेवढा पडत राहिला.

फोन ठेवल्यावर तिनं पाठवलेल्या ईमेलांची यादी उघडली. तीन आठवड्यांत तिथं बघायची तिला वेळच आली नव्हती. तिचे आजचे मेल वर होते. त्याखाली, सोमवार, सात चाळीस. त्याआधीचा सोमवार, सात चाळीस. त्याआधीचा.

तिनं परवाचा उघडला.

'पर माय लास्ट ईमेल, पाझराचे आकडे मिळाले नाहीत. आपल्या सोयीने, पण आजच पाठवावेत. बोगद्यात गारठा वाढला असेल, आत जाताना कानाला काही बांधत जा.'

सोयीने, पण आजच. घरात हे वाक्य तिनं हजार वेळा ऐकलं होतं. पुस्तकं आवरायची, आजीला पत्र लिहायचं, दाताच्या डॉक्टरकडे जायचं. सोयीने, पण आजच. तिनं मागं वळून पाहिलं. काकू पाकिटांवर शिक्के मारत होत्या. हॉलच्या पलीकडच्या टोकाला, जिथं कुणी बसत नव्हतं, माणसाची हालचाल ओळखून लागणारे दिवे एकेक करून लागले आणि थोड्या वेळानं विझले.

*

गुरुवारी तिनं सगळं शोधून काढलं. सापडलं तेव्हा ते अगदी साधं होतं, आणि साधं असल्यामुळे अंगावर काटा जास्त आला.

डावीकडच्या यादीत 'धरणे' नावाचा एक फोल्डर होता, त्याच्या पोटात दुसरा, 'बोगदा'. बाबांनी नियम लावून ठेवला होता: विषयात 'पाझर' असलेला प्रत्येक ईमेल थेट तिथं जावा आणि वाचलेला म्हणून धरला जावा. ते रोज तो फोल्डर उघडायचे, म्हणून त्यांचं अडलं नाही. तिला तो असल्याचंच माहीत नव्हतं. वाचलेला धरल्यामुळे ठळक अक्षर नाही, आकडा नाही, काही नाही. त्या माणसाची सगळी उत्तरं तिथं एकाखाली एक, गुपचूप बसून होती. मूळ मेलाखाली जोडलं की विषय तोच राहतो, म्हणून कालचं उत्तरही तिथंच गेलं होतं. विषय बदलला, तेव्हा कुठं त्याचा आवाज बाहेर आला.

आणि खाली, 'शेड्यूल्ड' या नावापुढे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप जाणाऱ्या मेलांपुढे, पंधराचा आकडा होता.

वर्ष संपायला पंधरा सोमवार उरले होते.

तिला जानेवारीतला एक शनिवार आठवला. बाबा उशिरा घरी आले होते आणि आईनं विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी एवढं काय? ते म्हणाले होते, "वर्षभराचा राग लिहून आलो." तेव्हा बोगद्यात दुसराच कुणी माणूस होता, आकडे पाठवायला महाआळशी. त्याच्यावर दर वेळी चिडून लिहायचं म्हणजे शब्द बिघडतात. म्हणून राग यायच्या आधीच प्रत्येक खेपेचे तीनही मेल लिहून, तारखा लावून ठेवायचे. आकडे आले की उरलेले दोन रद्द करायचे, की झालं. आळशी माणूस बदलून गेला, हा नवा आला. दोन महिने बाबा त्याचे आकडे पहिल्याच दिवशी मिळवत होते आणि उरलेले मेल रद्द करत होते. मग एका गुरुवारनंतर रद्द करणारं कुणी राहिलं नाही.

कुणातरी आळशी माणसासाठी जपून लिहिलेला राग, वेळेवर उत्तर देणाऱ्यावर पडत होता. आणि प्रत्येक रागाच्या शेवटी एक ओळ वेगळी. 'पाऊस लांबला आहे, छत्री ऑफिसात ठेवू नका.' 'रविवारी झोप काढा.' बाबा असेच लिहायचे.

तिनं त्याला फोन केला नाही. त्यानंच केला.

"सापडले का माझे आकडे?"

"सापडले. सगळे. चूक आमच्याकडे होती... फोल्डरची."

"म्हणजे मी सुटलो." थोडं थांबून तो म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते विचारल्यावर कळेल."

"ती शेवटची ओळ. कानाला बांधा, झोप काढा. इतकं रागावून कुणी इतकं... आधी वाटलं, ही बाई विचित्र आहे. मग मी सोमवारची वाटच बघायला लागलो. राग वाचायचा पटकन, आणि ती ओळ सावकाश. इथं दिवसभर भिंतीशी बोलायचं असतं मला. कुणीतरी कान झाकायला सांगतंय, हे बरं वाटतं."

तिनं ओठ उघडले. ते मी लिहिलेलं नाही, एवढं एकच वाक्य होतं.

"शनिवारी या ना बघायला," तो म्हणाला. "ज्याच्यावर एवढ्या चिडता, तो बोगदा तरी बघा."

"येईन," ती म्हणाली.

*...येईन.*

*

शनिवारी तो बोगद्याच्या दारात उभा होता, हातात दोन टॉर्च, डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी. तिच्या कल्पनेपेक्षा उंच, आणि उंच माणसं बोगद्यात राहून होतात तसा खांद्यात थोडा वाकलेला.

"टोपी तुमच्या हुकमावरून," तो म्हणाला.

"शोभते."

"हे पण मेल करा. साहेबांना कॉपी ठेवा."

ती हसली, आणि तीन महिन्यांत आपण आवाज करून हसलो नव्हतो हे तिला त्याच क्षणी कळलं.

आत गेल्यावर लोखंडी दार मागं बंद झालं आणि उजेडाचा रंग बदलला. भिंती ओल्या होत्या. दोन्हीकडून पाणी बारीक रेषांनी उतरत होतं आणि पायाजवळच्या नाळीतून एकाच दिशेला चाललं होतं. बाजूला, काँक्रीटच्या पलीकडे, अख्खा तलाव उभा आहे हे त्यानं सांगितलं आणि मग तो विचार डोक्यातून जाईना. फोनवरची रेंज पहिल्याच वळणावर गेली.

"इथं पाणी मोजतो," त्यानं नाळीतल्या पत्र्याकडे बोट दाखवलं. पत्र्यात वरून रुंद, खाली निमुळती अशी खाच कापलेली होती आणि पाणी त्यातून पडत होतं. "खाचेत पाणी किती उंच चढलं ते बघायचं. त्यावरून कळतं भिंत किती पाझरतेय. प्रत्येक भिंत पाझरते. न पाझरणारी भिंत नसतेच. फक्त रोजच्यापेक्षा जास्त नको, आणि गढूळ नको."

"आणि गढूळ आलं तर?"

"तर तुम्हाला मेल करायच्या आधी मी पळत येईन."

ते जिन्यानं खाली उतरू लागले. पायऱ्या मोजत तो पुढं होता. दहाव्या पायरीवर थांबून त्यानं मागं हात केला. "जपून. अकरावी."

अकराव्या पायरीवर पाण्याचं डबकं होतं. टॉर्चच्या उजेडात ते काळ्या आरशासारखं दिसलं. तिनं त्याचा हात धरला. हात गार होता, आणि तिनं तो लगेच सोडला नाही. त्यानंही घाई केली नाही.

"हे मला विचारायचंच होतं," तो हळू म्हणाला. इथं हळू बोललेलंही लांबवर जात होतं. "महिन्यापूर्वी तुमच्या मेलात होतं, अकराव्या पायरीवर जपून, तिथं पाणी धरतं. मी वाचून हसलो. तोपर्यंत ही पायरी कोरडी ठणठणीत होती. त्याच सकाळी आत आलो तर इथं पाणी. पहिल्यांदा. मेल आधी वाचला नसता तर मान मोडली असती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो मेल जानेवारीत लिहिलेला होता.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

ते बराच वेळ तसेच उभे राहिले. कुठूनतरी एक थेंब पडायचा, आणि पुढचा पडेपर्यंत दोघं वाट बघायचे.

"सोमवारी," तो म्हणाला, "मेल येणार नाही ना आता? हा तिसरा सोमवार आहे. साहेबांच्या कॉपीचा."

"नाही येणार," ती म्हणाली. "मी बघते."

घरी गेल्यावर तिनं आईला विचारलं, "बाबा कधी बोगद्यात गेले होते का गं?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठले जातायत. त्यांना बंद जागेची भीती. लिफ्टमध्ये सुद्धा चढायचे नाहीत, चार मजले पायांनी जायचे. का गं?"

"काही नाही."

आईनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. "रोज सात चाळीसला पोचून करायचे तरी काय तिथं, देव जाणे," ती म्हणाली.

*

सोमवारी ती सव्वासातला ऑफिसात पोचली. पहारेकऱ्यानं कुलूप काढून दिलं. हॉलमध्ये शिरताच डोक्यावरचा दिवा लागला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, कुणीतरी दोन पावलं पुढं चालत असावं तसा.

शेड्यूल्ड, पंधरा. तिनं आजचा मेल उघडला. 'पर माय लास्ट ईमेल...' मोठे साहेब कॉपीत. शेवटी ओळ होती: 'या दिवसांत एकटं वाटतं. कुणाशी तरी दोन शब्द बोलत जा.'

रद्द करायचं बटण तिथंच होतं. एकदा दाबायचं. सात पस्तीस झाले.

रद्द केला की पुसला जाईल, असं तिला वाटत होतं. जगात बाबांचं जे काही अजून व्हायचं शिल्लक होतं, ते हे पंधरा सोमवार. बाकी सगळं होऊन गेलेलं होतं. कपाट रिकामं झालं होतं, फोन बंद करून दिला होता. फक्त इथं ते अजून वेळेवर कामाला येत होते. हा एक जाऊ दे, ती मनाशी म्हणाली. मी साहेबांना नंतर सांगेन. सात एकोणचाळीस. बटणावर बोट होतं. बोटाखाली बटण गरम झाल्यासारखं वाटलं.

सात चाळीसला काहीच आवाज झाला नाही. पंधराच्या जागी चौदा आले. तिच्या मागच्या बाजूचा दिवा, जिथं कुणी नव्हतं, लागला.

तिनं वळून पाहिलं नाही.

साहेबांनी त्याला अकरा वाजता बोलावलं. ती त्याच्याआधी केबिनमध्ये जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. फोल्डर, नियम, जानेवारीतला शनिवार. "आजचा मेल मला थांबवता आला असता," ती म्हणाली. "मी थांबवला नाही. त्यांची काही चूक नाही." एवढ्यात तो दारात आला होता. त्यानं शेवटची दोन वाक्यं ऐकली.

मोठे साहेब कमी बोलत. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "तुझे बाबा मला तेवीस वर्षं असेच मेल करत होते," ते म्हणाले. "मीही पूर्वी आकडे उशिरा द्यायचो." मग त्याच्याकडे बघून, "जा तुम्ही. खुलासा नको." आणि तिला, "उरलेले माझ्यासमोर थांबव. आत्ता."

साहेबांच्या कॉम्प्युटरवर नोंद कक्षाचा मेल उघडला. तिनं पहिल्यावर बटण दाबलं. मेल शेड्यूल्डमधून गेला, आणि मसुद्यांच्या पुढं एकाचा आकडा आला. ती बघत राहिली.

"पुसला नाही," ती म्हणाली.

"पुसेल कसा?" साहेब म्हणाले. "जायचा थांबला, एवढंच."

चौदा वेळा बटण दाबून झालं तेव्हा तो निघून गेलेला होता. ती जिन्यापर्यंत धावली. तो खालच्या वळणावर थांबला, पण वर आला नाही.

"तुम्हाला शनिवारी माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी तुमचा हात धरून विचारलं होतं."

"हो."

"आणि त्या ओळी..."

"माझ्या नाहीत. एकही नाही."

त्यानं टोपी काढली, हातात चुरगळली. "मग मी कुणाशी बोलत होतो इतके दिवस?" तो उत्तराची वाट न बघता गेला. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज तो गेल्यावरही बराच वेळ खाली उतरत राहिला.

*

त्या दुपारी तिनं त्याला एक ईमेल लिहिला. कशाच्याही खाली जोडला नाही. विषयाची जागा मोकळी ठेवली. बाबा कोण होते, कसे गेले, सकाळी बोट बटणावर असूनही का हललं नाही, सगळं लिहिलं. त्या ओळी माझ्या नाहीत, पण त्या वाचून तुम्ही हसत होता हे ऐकायला मला आवडत होतं, हेही लिहिलं. शनिवारी जिन्यात हात सोडायचा राहिला तो विसरून राहिला नाही, हे लिहून खोडलं, मग परत लिहिलं. पाठवला.

मंगळवारी उत्तर नाही. बुधवारी नाही.

"लिही ना परत," काकू म्हणाल्या. तिनं काही सांगितलं नव्हतं, पण काकूंना आवक-जावक कळत असे. "त्याच्याच खाली जोडून. एक वाक्य पुरतं."

"ते वाक्य नको, काकू."

"मग फोन कर."

"नको."

गुरुवारी तिनं खुर्चीची उंची बदलली. पाय जमिनीला टेकले, तेव्हा कळलं की इतके दिवस ते लोंबत होते. शुक्रवारी सकाळी ती तो मेल उघडून बसली. त्याखाली लिहायची मोकळी जागा होती, आणि कर्सर लुकलुकत होता. आठवण करून द्यायची म्हणजे, तुम्ही वाचलं नाही असं धरून चालायचं. किंवा वाचूनही तुम्हाला काही वाटलं नाही असं. तिला दोन्ही धरायचं नव्हतं. तिनं तो मेल बंद केला.

सोमवारी ती साडेनऊला आली. टेबलाशेजारच्या बाकावर तो बसला होता, मांडीवर नोंदवही, बूट चिखलाचे.

"आकडे ईमेलनं येतात," ती म्हणाली. आवाज बराच स्थिर निघाला.

"तुमच्या ईमेलवर माझा भरवसा नाही." त्यानं वही टेबलावर ठेवली. "आठवण नाही केलीत."

"नाही."

"सात दिवस. नोंद कक्षाच्या नियमानं आज दुसरा मेल जायला हवा होता."

"तुम्ही वाचलं असेल असं मला वाटलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. हॉलमध्ये लोक येऊ लागले होते, दिवे आपापले लागत होते. काकू फार लक्ष देऊन रिकाम्या पाकिटावर शिक्का मारत होत्या.

"वाचलं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. दाराबाहेर उभं राहून, रेंज आहे तिथं. मग पाठ झालं, म्हणून आत नेता आलं." तो थोडा अडखळला. "मला तुमच्यावर राग आलेला होता. अजून आहे थोडा. पण मी मोजून पाहिलं. त्यांच्या ओळी आवडायच्या, ते खरं आहे. पण भिंतीतून दोनदा ऐकू यायचा तो आवाज कुणाचा होता? हात कुणाचा होता? ते तर त्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं."

"नाही," ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि ते पुसायची तिला घाई वाटली नाही.

"मग तेवढं आपलं." त्यानं बाकावर सरकून जागा केली. "तुमच्या मेलात एक वाक्य खोडून परत लिहिल्यासारखं वाटतं. त्या वाक्याचं उत्तर मला तोंडी द्यायचं होतं. मेलमध्ये मला नीट जमलं नसतं."

"द्या की मग."

"इथं? काकू ऐकतायत."

"काकूंना काही ऐकू येत नाही," काकू शिक्क्यावरून मान न उचलता म्हणाल्या.

ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. त्यानं काही न बोलता हात पुढं केला, तळवा वर करून, आणि तसाच धरून ठेवला. बोटांवर बोगद्याचा गारवा होता. तिनं त्यावर आपला हात ठेवला, आणि या वेळी दोघांनीही तो कधी सोडायचा हे ठरवलं नाही.